तीनशे ओळी, दोन आकडे

एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं आज एका तक्त्याचं परीक्षण करूया. तक्ता अगदी ओळखीचा आहे. भूगोल, पर्यावरण, नगररचना, सार्वजनिक आरोग्य यांपैकी काहीही शिकत असाल तर तुम्ही असा एक तरी बनवला असेल, किंवा पुढच्या सेमिस्टरला बनवाल. डावीकडे बिंदूचा क्रमांक, मग अक्षांश, रेखांश, मग ‘उंची’, मग ‘पाऊस’. खाली तीनशे ओळी. प्रत्येक ओळीत प्रत्येक रकाना भरलेला, कुठेही रिकामी जागा नाही. बघताक्षणी वाटतं, वा, केवढं काम केलंय!

उदाहरण म्हणून जागा घेऊया दुबईची इंटरनॅशनल सिटी आणि दिवस १६ एप्रिल २०२४. दुबईत राहत असाल तर तारीख सांगायची गरजच नाही. सोमवारी १५ तारखेला रात्री पाऊस सुरू झाला आणि मंगळवारभर पडत राहिला. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिमी पाऊस मोजला गेला. १९४९ पासून अमिरातीत नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा उच्चांक. दुबई विमानतळावर २४ तासांत १४० मिमीहून जास्त पडला, आणि तिथली वर्षाची सरासरीच शंभरच्या आत आहे. इंटरनॅशनल सिटीतले रस्तेही पाण्याखाली गेले. चीन, इंग्लंड, फ्रान्स, मोरोक्को, पर्शिया अशी देशांची नावं दिलेले क्लस्टर, चार मजली इमारती, तळमजल्यावर दुकानं. भाडं परवडतं म्हणून आपल्याकडची कितीतरी मंडळी इथे राहतात.

आता समजा, कुणीतरी त्या आठवड्यात फोन घेऊन फिरलं, तीनशे ठिकाणी उभं राहून जीपीएसची नोंद घेतली आणि प्रत्येक ठिकाणी पाणी किती चढलं होतं तेही टिपलं. कष्टाचं आणि मोलाचं काम. पुढची पायरी प्रत्येकाच्या डोक्यात येते तीच: या बिंदूंना उपग्रहाच्या डेटातून उंची आणि पाऊस जोडूया, म्हणजे कुठला क्लस्टर सखल, कुठे जास्त पाऊस, पुढच्या वेळी कुणाच्या दारात पाणी येणार, हे सगळं कळेल. त्या नकाशावरून कुणी घर बदलेल, कुणी घरमालकाशी भांडेल, कुणी विम्याचा अर्ज भरेल. म्हणून त्या दोन रकान्यांमध्ये खरोखर काय आहे, हे नीट बघायला हवं.

आधी हे रकाने भरतात कसे ते पाहू. रास्टर म्हणजे चौकटींची जाळी. जमिनीवर चौकड्यांचा कागद पसरला आणि प्रत्येक चौकटीत एकच आकडा लिहिला, असं समजा. त्या एका चौकटीला सेल किंवा पिक्सेल म्हणतात. तुमचा बिंदू ज्या चौकटीत पडतो तिचा आकडा उचलून तुमच्या ओळीत लिहायचा, एवढंच काम सॉफ्टवेअर करतं. क्यूजीआयएसमध्ये त्याचं नाव `Sample raster values`. आर वापरत असाल तर सात-आठ ओळी पुरतात:

```r
library(terra)
d <- read.csv("points.csv")
p <- vect(d, geom = c("lon", "lat"), crs = "EPSG:4326")
r <- rast("rain.tif")
p <- project(p, crs(r))
d$rain <- extract(r, p, ID = FALSE)[, 1]
d$cell <- cellFromXY(r, crds(p))
length(unique(d$cell))
```

शेवटच्या दोन ओळी बहुतेक ट्यूटोरियलमध्ये नसतात. हा लेख खरं तर त्या दोन ओळींबद्दलच आहे. त्याआधी तिसऱ्या ओळीबद्दल थोडं, कारण तिथली गडबड दुबईत जरा जास्त बेमालूम लपते.

`lon` आधी, `lat` नंतर. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो, फोनसुद्धा तसंच दाखवतो, त्यामुळे ही अदलाबदल सर्रास होते. पुण्याच्या बिंदूंची अदलाबदल झाली तर ते ७४ अंश उत्तरेला, नॉर्वेच्याही वरच्या समुद्रात जाऊन पडतात. उंचीच्या फाईलमध्ये तिथे काही नसतं, रकाना रिकामा येतो आणि चूक लगेच कळते. इंटरनॅशनल सिटीचे बिंदू साधारण २५.१६ उत्तर, ५५.४१ पूर्व असे आहेत. ते उलटे केले की आपण लिथुआनियात, विल्नियसच्या उत्तरेला पोचतो. तिथे चांगली जमीन आहे. अख्ख्या जगाची फाईल वापरत असाल तर तीनशेच्या तीनशे ओळी भरतात, उंचीही येते, पाऊसही येतो. म्हणून आकडे काढण्याआधी बिंदू एकदा नकाशावर टाकून डोळ्यांनी बघायचे. ड्रॅगन मार्टच्या बाजूला दिसले की पुढे जायचं.

समजा हे सगळं बरोबर केलं. आता पावसाचा रकाना.

दिवसाच्या पावसासाठी जगभरात दोन नावं सतत येतात. एक नासाचा आयमर्ग, दुसरा चर्प्स. आयमर्गची चौकट ०.१ अंशाची आहे. दुबईच्या अक्षांशावर त्याचा अर्थ पूर्व-पश्चिम सुमारे १० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे ११. म्हणजे एका चौकटीत एकशे दहा चौरस किलोमीटर जमीन. अख्खी इंटरनॅशनल सिटी सुमारे ८०० हेक्टर, म्हणजे आठ चौरस किलोमीटर. एका चौकटीत अशा तेरा-चौदा इंटरनॅशनल सिटी मावतील. चर्प्सची चौकट अर्ध्या लांबीची, तरी ती पंचवीस-तीस चौरस किलोमीटरची होतेच.

तर मग तीनशे बिंदूंना किती वेगळे आकडे मिळणार? एक, फार तर दोन. दोन का, ते गमतीशीर आहे. आयमर्गच्या चौकटींच्या कडा ०.१ अंशाच्या पटीत येतात. ५५.४ अंश रेखांशाची रेघ याच परिसरातून जाते, आणि ती चर्प्सच्याही चौकटीची कड आहे. तुमचे बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना असतील तर पूर्वेच्या सगळ्यांना एक आकडा, पश्चिमेच्या सगळ्यांना दुसरा. रस्ता ओलांडला की पाऊस वीस मिलिमीटरने बदलला असं तक्ता सांगू शकतो. ढगाला ती रेघ माहीत नव्हती. कुणीतरी जगाची जाळी आखताना शून्य अंशापासून मोजत आलं, म्हणून ती तिथे पडली.

वरच्या कोडमधली `length(unique(d$cell))` ही ओळ हेच मोजते: माझे तीनशे बिंदू किती वेगळ्या चौकटींत पडले? उत्तर २ आलं, तर पावसाच्या बाबतीत तुमच्याकडे तीनशे निरीक्षणं नाहीत, दोन आहेत. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याण्णव ओळी म्हणजे त्याच दोन आकड्यांच्या झेरॉक्स.

याने बिघडतं काय? बघा, पुढची पायरी नेहमी एकच असते. पाणी किती चढलं हा रकाना एका बाजूला, पाऊस दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमधलं नातं तपासायचं. संगणकाला वाटतं तीनशे स्वतंत्र निरीक्षणं आहेत, म्हणून तो अत्यंत लहान पी-व्हॅल्यू देतो आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात आपण तपासलं एवढंच, की रेघेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पाणी सारखंच चढलं का. आता पूर्व आणि पश्चिम यांत आणखी कितीतरी गोष्टी वेगळ्या असू शकतात. इमारती कधी बांधल्या, गटारांची तोंडं कुठे आहेत, रस्त्याचा उतार कुठे जातो, टँकर आधी कुठे पोचले. यांतल्या कुठल्याही गोष्टीने फरक पडला तरी तक्ता श्रेय पावसाला देणार, कारण रकान्याचं नाव ‘पाऊस’ आहे.

इथे काही जण एक उपाय करतात, आणि माझी खरी तक्रार त्यावरच आहे. `extract` मध्ये `method = "bilinear"` असं लिहिलं, की सॉफ्टवेअर आजूबाजूच्या चार चौकटींच्या मध्यांवरून हिशोब करून प्रत्येक बिंदूला अधलीमधली किंमत देतं. समजा पश्चिमेच्या चौकटीत १०० मिमी आहे, पूर्वेच्या चौकटीत ८० (हे आकडे फक्त समजण्यासाठी). त्यांचे मध्य ५५.३५ आणि ५५.४५ वर. मग ५५.४० वरच्या बिंदूला ९० मिळेल, ५५.४२ वरच्याला ८६, आणि मधल्या प्रत्येकाला ८९.४, ८८.७ असं काहीतरी. उत्तर-दक्षिण फरक धरला की आकडे आणखी वेगळे होतील. आता तीनशे ओळींत तीनशे वेगळे आकडे, दशांशासकट! रस्त्यावरची ती उडी गेली, नकाशा मऊ झाला, दिसायला छान झाला. पण माहिती किती वाढली? काहीच नाही. ढगाबद्दल आपल्याला आधी चार चौकटींचं माहीत होतं, आताही तेवढंच माहीत आहे. आधी निदान तेच तेच आकडे बघून कुणाला तरी शंका आली असती. आता ती शंका येण्याची सोय आपणच काढून टाकली.

हाच प्रकार कधीकधी आपल्या नकळत झालेला असतो. एखाद्या पोर्टलवरून पावसाची फाईल डाउनलोड करताना ती ३० मीटरच्या चौकटींत मिळते. कुणीतरी मूळ मोठ्या चौकटीचे हजारो तुकडे करून प्रत्येकात तोच आकडा भरून दिलेला असतो. अशा फाईलवर चौकटी मोजल्या तर उत्तर तीनशेच्या आसपास येईल आणि आपण फसू. म्हणून हातातल्या फाईलची चौकट नव्हे, मूळ डेटाची चौकट किती ते बघायचं. ते त्याच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावरच असतं. आणि जोडीला `length(unique(d$rain))` करून वेगळे आकडे किती तेही मोजायचं. चौकटी तीनशे आणि आकडे दोन असं निघालं की समजायचं काय झालंय.

पावसाबद्दल आणखी एक, मग उंचीकडे जाऊ. ‘१६ एप्रिल’ नावाची आयमर्गची दैनिक फाईल यूटीसी वेळेप्रमाणे मध्यरात्र ते मध्यरात्र असते. दुबई चार तास पुढे. म्हणजे त्या फाईलमधला दिवस दुबईत पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला संपतो. सोमवारी रात्री पडलेला पाऊस १५ तारखेच्या फाईलमध्ये गेला. तुम्ही एकच फाईल उघडलीत तर वादळाचा एक तुकडा बाहेर राहिला. भारतातही हा प्रश्न आहे, फक्त कड वेगळी: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. विमानतळाचा मोजलेला आकडा आणि उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवण्याआधी दोघांचा दिवस एकच आहे ना, हे बघायला हवं. अर्ध्या तासाच्या फाईल्स घेऊन आपल्याला हवे ते तास स्वतः जोडणं हा साधा मार्ग. त्यात आकडे मिमी प्रतितास असतात, म्हणून प्रत्येकाचे निम्मे करून मग बेरीज.

आता उंचीचा रकाना. इथे अडचण उलटी आहे. चौकट लहान आहे, एका सेकंदाची, म्हणजे दुबईत सुमारे २८ बाय ३१ मीटर. तीनशे बिंदू जवळजवळ तीनशे चौकटींत पडतील, आणि आपली चौकटी मोजायची परीक्षा हा रकाना सहज पास होईल. तरीही तो नापास आहे, वेगळ्या कारणाने.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी उंचीची फाईल म्हणजे एसआरटीएम. ती एन्डेव्हर या अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीतून तयार झाली, आणि ती मोजणी झाली फेब्रुवारी २००० मध्ये, ११ दिवसांत. आता आठवा, ड्रॅगन मार्ट उघडला २००४ मध्ये, आणि भोवतालच्या इमारती नंतरच्या वर्षांत भरत गेल्या. म्हणजे एसआरटीएमच्या रडारने जे पाहिलं ते वाळवंट होतं. नंतर तिथे बुलडोझर आले, उंचवटे कापले गेले, खड्डे भरले गेले, रस्ते आखले गेले. ‘पर्शिया क्लस्टर, उंची अमुक मीटर’ असं तुमच्या ओळीत लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा आता अस्तित्वात नसलेल्या जमिनीचा असतो. तक्ता तसं सांगत नाही, कारण तक्त्यात तारखेचा रकानाच नाही.

मग नवी फाईल घेऊया, कोपर्निकसची ग्लो-३०. तिचा मूळ डेटा साधारण २०११ ते २०१५ मधला. तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. पण ही पृष्ठभागाची उंची आहे. रडारला वरून जे आधी भेटतं ते मोजलं जातं, मग ते छप्पर असो वा रस्ता. तीस मीटरच्या चौकटीत अर्धी इमारत आणि अर्धी पार्किंगची जागा आली, तर आकडा दोन्हीच्या मधला कुठलातरी. तुम्ही फूटपाथवर उभे राहून नोंद घेतली, तक्त्याने तुम्हाला दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत नेऊन ठेवलं. त्यात फोनचं जीपीएस उघड्यावर पाच-दहा मीटर हुकतं, इमारतींच्या गल्लीत त्याहून जास्त. म्हणजे तुमचा बिंदू कुठल्या चौकटीत पडला हेसुद्धा पक्कं नाही. इमारती आणि झाडं वजा करून बनवलेली फॅबडेम नावाची फाईलही आहे. ती या कामाला जास्त योग्य आहे, पण ‘वजा केलं’ म्हणजे शेवटी अंदाजच.

मुख्य गोष्ट मात्र अचूकतेची आहे. ग्लो-३० ची जाहीर केलेली उभी अचूकता चार मीटरच्या आत अशी आहे, तीही नव्वद टक्के ठिकाणी. एसआरटीएमसाठी ठरवलेली मर्यादा सोळा मीटर होती, प्रत्यक्षात ती बरीच चांगली निघाली, तरी गोष्ट मीटरांतच राहते. आणि तिचे आकडे पूर्ण मीटरमध्ये येतात, १२ किंवा १३, मधलं काही नाही. आता इंटरनॅशनल सिटीत पाणी कुणाच्या दुकानात शिरलं आणि कुणाच्या नाही, हे कशावर ठरलं? फूटपाथच्या वीस सेंटिमीटरवर. पार्किंगच्या अर्ध्या मीटर उतारावर. सेंटिमीटरांचा प्रश्न आपण मीटरांच्या पट्टीला विचारतोय. सोनाराच्या दुकानात मंगळसूत्र वजन करायला भंगारवाल्याचा काटा आणल्यासारखं हे झालं. काटा खोटा नाही, फक्त तो या कामाचा नाही.

हे पटत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे, आणि तिला लागणारी सामग्री पुरानेच पुरवली आहे. स्थिर साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. तेव्हा एकाच डबक्याच्या कडेवरचे सगळे बिंदू, म्हणजे जिथे पाणी संपून कोरडा रस्ता सुरू होतो ते, एकाच उंचीवर असायला हवेत. तुमच्या नोंदींतून असे पंधरा-वीस बिंदू निवडा आणि उंचीच्या रकान्यात त्यांचे आकडे बघा. ते सगळे एक सारखे आले, तर या तक्त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. पण सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्यात पाच-सहा मीटरचा फरक दिसला, तर डबकं तिरकं नव्हतं, डेटा तिरका आहे. गुडघाभर पाण्याबद्दल या रकान्याला काही विचारू नका.

ही सगळी पद्धतच कुचकामी आहे, असं म्हणायचं नाही. हेच सॉफ्टवेअर, हीच फाईल घेऊन सातारा जिल्ह्यात जा. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर. वाई आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सहाशे मीटरहून जास्त फरक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, वाईला हजाराच्या आत. या पट्ट्यात तीनशे गावांचे बिंदू घेतले तर उंचीतली चार मीटरची चूक शेकडो मीटरच्या फरकापुढे किरकोळ ठरते, आणि तो रकाना खरंच काहीतरी सांगतो. पावसाचेही बिंदू अनेक चौकटींत विखुरतात. तिथेही जपायला हवंच, कारण घाटमाथ्यावर पाऊस काही किलोमीटरमध्ये कोसळतो आणि पाच किलोमीटरची चौकट तो कडा गुळगुळीत करते. तरी प्रश्न आणि पट्टी साधारण एका मापाच्या आहेत.

म्हणजे तक्ता चांगला की वाईट हे सॉफ्टवेअरवरून किंवा ओळींच्या संख्येवरून ठरत नाही. माझ्या बिंदूंमध्ये खरा फरक किती असू शकतो, आणि या रकान्यातली चूक किती, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. साताऱ्यात फरक चुकीपेक्षा कितीतरी मोठा. इंटरनॅशनल सिटीत चूक फरकापेक्षा मोठी.

मग त्या तीनशे नोंदींचं करायचं काय? मला वाटतं, त्यांची किंमत आपल्याला कळलेलीच नाही. त्यात एक रकाना असा आहे जो कुठल्याही उपग्रहाकडे नाही: पाणी किती चढलं होतं. आणि तोच रकाना उंची मोजून देतो.

असं बघा. एकाच सलग डबक्यात, जवळपास एकाच वेळी तीन ठिकाणी पाण्याची खोली मोजली. इमारतीच्या गेटपाशी ४२ सेंटिमीटर, किराणा दुकानासमोर १८, बस थांब्यापाशी ५. पृष्ठभाग सपाट आहे, म्हणून खोलीतला फरक हा जमिनीच्या उंचीतला फरक. गेट दुकानापेक्षा २४ सेंटिमीटर खाली, बस थांब्यापेक्षा ३७ खाली. साध्या टेपने सेंटिमीटरपर्यंत उंची मिळाली. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतात, तेच तत्त्व, फक्त नळीच्या जागी अख्खी पार्किंगची जागा. पाणी ओसरल्यावरसुद्धा भिंतींवर चिखलाची रेघ राहते, आणि तिची जमिनीपासूनची उंची तोच हिशोब देते.

याच्याही अटी आहेत. डबकं सलग हवं, मध्ये उंच रस्ता आला की पलीकडचं पाणी वेगळ्या पातळीवर असतं. पाणी वाहतं नको. पंप किंवा टँकर लावले असतील तर पातळी तासातासाला उतरते, म्हणून नोंदीसोबत वेळ हवीच. दोन वेगळ्या डबक्यांची तुलना यातून होत नाही. म्हणून तक्त्यात ‘डबक्याचा क्रमांक’ असा एक रकाना घालायचा आणि तुलना त्या क्रमांकाच्या आतच करायची.

तेव्हा तक्ता पुन्हा मांडला तर असा दिसेल. उपग्रहाच्या उंचीचा रकाना जाईल, त्याजागी डबक्याचा क्रमांक, खोली आणि वेळ येतील. पावसाचा रकानाही जाईल. पाऊस तक्त्याच्या वर एका वाक्यात लिहायचा: कुठल्या चौकटीचा, कुठल्या तासापासून कुठल्या तासापर्यंतचा, आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या विमानतळावर मोजलेला आकडा किती. एका परिसराचा एकच पाऊस आपल्याला माहीत आहे, तर तो एकदाच लिहिलेला बरा. रास्टरचा आकडा ठेवायचाच असेल तर शेजारी चौकटीचा क्रमांक, मूळ चौकटीची लांबी आणि मोजणीचं वर्ष हे तीन रकाने ठेवा. वाचणाऱ्याला मग स्वतःच कळेल की तीनशे ओळींत दोनच चौकटी आहेत आणि उंची २००० सालची आहे.

हा नवा तक्ता दिसायला पहिल्यापेक्षा गरीब आहे. कुठला क्लस्टर सगळ्यात सखल, याचं उत्तर तो देत नाही, कारण ते उत्तर या डेटात कधी नव्हतंच. गेटपाशी राहणाऱ्याला मात्र तो एक खरी गोष्ट सांगतो: तुमचं दार समोरच्या दुकानापेक्षा चोवीस सेंटिमीटर खाली आहे. घरमालकाकडे जाताना नेण्यासारखा आकडा हाच आहे. ‘आमचा क्लस्टर १२ मीटरवर आणि शेजारचा १३ वर’ असं कुणी म्हणालं, तर घरमालकाने फक्त विचारायचं, ही उंची कधी मोजली? आणि तिथेच बोलणं संपेल.